ग्रँटचे डोके, मॅककुकचा घोडा

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाचे एक देखणे छायाचित्र आहे. समोर घोड्यावर स्वार झालेला जनरल युलिसिस ग्रँट, आणि मागे लांबवर पसरलेला तळ, तंबू, शेकडो माणसे. नाव आहे ‘सिटी पॉइंट येथे जनरल ग्रँट’. व्हर्जिनियात जेम्स आणि ॲपोमॅटॉक्स या नद्यांच्या संगमावर सिटी पॉइंट वसले आहे. जून १८६४ पासून ग्रँटचे मुख्यालय तिथेच होते, त्यामुळे माणूस, स्थळ आणि काळ यांचा मेळ उत्तम बसतो. विजयाच्या उंबरठ्यावरचा सेनापती आपल्या सैन्यासमोर उभा आहे, असे पाहणाऱ्याला वाटते आणि तो पान उलटतो.

हा क्षण कधी घडलाच नव्हता. ग्रंथालयाच्या छायाचित्र विभागातल्या जाणत्या माणसांनी हे चित्र उलगडले, तेव्हा त्यात तीन वेगवेगळी छायाचित्रे निघाली. हे कसे कळले, तो मार्ग पाहण्यासारखा आहे. जुन्या छायाचित्रात नंतर कोणी हात घातला आहे का, हे तपासायचे बहुतेक सगळे टप्पे त्या एका चित्रात भेटतात.

छायाचित्र हाती आले की पहिली ओढ त्यातला प्रसंग बघण्याची असते. अनुभवी तपासनीस ती ओढ आवरतो आणि आधी हातातली वस्तू बघतो. हा कागद कोणत्या जातीचा, कोणत्या काळातला? १८५० च्या दशकापासून १८९० च्या दशकापर्यंत बहुतेक छायाचित्रे अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापली जात. असा कागद गुंडाळून येतो म्हणून तो पुठ्ठ्यावर डकवलेला असतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्या थराआडून कागदाचे तंतू दिसतात. पुढे जिलेटिनचे कागद आले. त्यांत कागद आणि प्रतिमा यांच्यामध्ये पांढऱ्या बराइटाचा थर असतो, त्यामुळे तंतू झाकले जातात. आणि भिंगाखाली ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ते छायाचित्र नव्हेच. ते छापखान्यातून निघालेले पान आहे.

ही पहिली पायरी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्यावे लागते. १८६४ चा प्रसंग जिलेटिनच्या कागदावर असेल, तर प्रत उशिराची आहे एवढेच ठरते. काचेच्या निगेटिव्हवरून चाळीस वर्षांनीही प्रती काढल्या जात होत्या, त्यामुळे उशिराची प्रत म्हणजे बनावट प्रत असे होत नाही. मात्र मधल्या वर्षांत ते चित्र कोणाच्या ताब्यात होते, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. ग्रँटच्या चित्रावर स्वामित्वाची नोंद १९०२ ची आहे आणि ती लेव्हिन कॉर्बिन हँडी यांच्या नावे आहे. ग्रँटचे निधन १८८५ मध्येच झाले होते. हँडी हे यादवी युद्धाचे नामांकित छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी यांच्या पत्नीचे भाचे, आणि ब्रेडींच्या निगेटिव्हांचा मोठा साठा त्यांच्याकडे आला होता. युद्धानंतर सदतीस वर्षांनी एकाएकी बाहेर आलेले चित्र, आणि ते काढणाऱ्याच्या घरात जुन्या निगेटिव्हांचे कपाट भरलेले, ही जोडी पुढचे पाहण्याआधीच जागे करते.

आता प्रसंगाकडे वळायला हरकत नाही. ग्रँटचे डोके धडावर जरा अवघडून बसले आहे. मान ज्या दिशेला वळायला हवी तिथे चेहरा वळलेला नाही. डोक्याच्या कडेने बारीक ओरखड्यांसारख्या खुणा दिसतात. घोडाही खटकतो. त्या काळात ग्रँटचा आवडता घोडा सिनसिनाटी होता आणि त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत; या घोड्याच्या अंगावरच्या खुणा त्याच्याशी जुळत नाहीत. मागच्या गर्दीचे वागणेही विचित्र आहे. सेनापती समोरून चालला आहे आणि त्याची कोणाला दखलच नाही. कोणी उभा राहत नाही, कोणी वळून बघत नाही.

इथे घाई करून चालत नाही. मान अवघडलेली असू शकते. सेनापती दुसऱ्याचा घोडा घेऊ शकतो. दमलेले शिपाई वर न बघता बसून राहू शकतात. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला निरुपद्रवी उत्तर आहे. अशा विसंगती शंका उभी करण्यापुरत्या उपयोगी असतात. त्यांच्या जोरावर ‘हे चित्र खोटे आहे’ असे लिहून टाकणारा माणूस कधी ना कधी एखाद्या अस्सल छायाचित्रावर अन्याय करतो.

शंका मिटते ती दुसरे छायाचित्र सापडल्यावर. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच संग्रहात १८६४ च्या जूनमध्ये कोल्ड हार्बरला घेतलेले ग्रँटचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. तंबूसमोर झाडाला हात टेकून तो उभा आहे, डोक्यावर हॅट. ते डोके आणि घोड्यावरचे डोके एकच आहे. हॅटची कड, दाढीवरची सावली, डोळ्यांखालचा अंधार, सगळे तेच. घोडा आणि त्यावरचे धड जनरल अलेक्झांडर मॅककुक यांच्या जुलै १८६४ मधल्या छायाचित्रातून आले. आणि मागची छावणी? ती फिशर्स हिलच्या लढाईतल्या कैद्यांच्या छायाचित्रातून घेतली आहे. ही लढाई सप्टेंबर १८६४ मध्ये शेनंडोआ खोऱ्यात झाली. सिटी पॉइंटपासून ते ठिकाण सुमारे २०० किलोमीटर दूर, आणि त्या लढाईत सैन्याचे नेतृत्व ग्रँटकडे नव्हते, फिलिप शेरिडनकडे होते. म्हणजे ज्यांना पाहणारे इतकी वर्षे ग्रँटचे सैनिक समजत होते, ते त्याच्या शत्रूपक्षाचे पकडलेले शिपाई होते. त्यांनी सेनापतीकडे बघितले नाही याचे कारणही तिथेच मिळाले.

या पुराव्याचे बळ कशात आहे? जिवंत माणूस दोनदा तंतोतंत सारखा कधीच उभा राहत नाही. ग्रँट महिनाभराने पुन्हा कॅमेऱ्यासमोर आला असता, तर मान किंचित निराळी वळली असती, हॅट अर्धा इंच सरकली असती, ऊन वेगळ्या बाजूने आले असते. दोन छायाचित्रे एकाच मापात आणून एकावर एक ठेवली आणि सावलीची प्रत्येक रेघ जुळली, तर दोन्ही एकाच निगेटिव्हमधून निघाली आहेत. गर्दीच्या बाबतीत तर हे आणखी पक्के होते. बसलेल्या, वाकलेल्या, पाठमोऱ्या शेकडो माणसांची मांडणी योगायोगाने पुन्हा तशीच होणे शक्य नाही. तपासनीस म्हणूनच न जुळणाऱ्या गोष्टींवरून सुरुवात करतो आणि फार चांगल्या जुळणाऱ्या गोष्टीपाशी थांबतो. संग्रहालयातल्या या कामाचा मोठा भाग डोळे ताणून एकाच चित्राकडे बघण्याचा नसतो. त्याची भावंडे शोधत याद्या आणि खोकी चाळण्याचा असतो.

असे जोडचित्र करण्याची नेहमीची रीत सोपी होती. वेगवेगळ्या निगेटिव्हांवरून हव्या त्या मापाच्या प्रती काढायच्या, आकृती बारीक कात्रीने कापायच्या, पार्श्वभूमीवर डकवायच्या, कडा रंगाने बुजवायच्या आणि त्या सगळ्याचे पुन्हा छायाचित्र घ्यायचे. या शेवटच्या पायरीत खरी चतुराई आहे. डकवलेला मूळ कागद हाती लागला, तर अंधाऱ्या खोलीत एका बाजूने जमिनीलगत प्रकाश टाकला की कापलेल्या कडेची उंची सावलीतून लगेच उघडी पडते. ब्रशने दिलेला रंगही अशा प्रकाशात वेगळा चकाकतो. पण त्याचे पुन्हा छायाचित्र घेतले की सगळा पृष्ठभाग सपाट होतो. कड फक्त प्रतिमेत उरते, कागदात उरत नाही. मग शोध घ्यायचा तो चित्रातच. आकृतीच्या भोवतीची रेघ कुठे फार धारदार तर कुठे अकारण मऊ आहे का? केस आणि घोड्याची आयाळ यांसारख्या विरळ गोष्टी एकाएकी गुळगुळीत झाल्या आहेत का? खुरांखालची सावली जमिनीवर पडते का, आणि ती शेजारच्या सावल्यांच्या दिशेने पडते का? शिवाय छायाचित्राचे छायाचित्र घेताना उजेडातले आणि अंधारातले बारीक फरक थोडे हरवतात. त्यामुळे सगळे चित्र जरासे निबर दिसते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जुन्या तंत्राचे कित्येक अस्सल दोष बनावटीसारखे दिसतात. १८६० च्या दशकात काचेवर कलोडियन नावाचे द्रावण ओतून, ते ओले असतानाच छायाचित्र घ्यावे लागे. द्रावण कोपऱ्यात नीट पोचले नाही की तिथे वेडीवाकडी कड येते. काच धरलेल्या बोटाचा ठसा उमटतो. प्लेटला काही सेकंद प्रकाश द्यावा लागे, तेवढ्यात चालून गेलेला माणूस अर्धपारदर्शक भुतासारखा दिसतो किंवा दिसतच नाही. गडद आकृतीच्या कडेने, फिकट आकाशाला लागून, एक उजळ रेघही दिसते. निगेटिव्ह धुताना रसायन एका बाजूला लवकर संपते आणि दुसऱ्या बाजूला उरते, त्यातून ती आपोआप तयार होते. नवशिक्या माणसाला ती हमखास कात्रीची कड वाटते. फरक असा की रसायनाची रेघ चित्रात जिथे जिथे गडद आणि फिकट भाग भिडतात, तिथे सगळीकडे थोडीफार असते. कात्रीची कड फक्त एकाच आकृतीभोवती फिरते.

रिटचिंगचेही असेच आहे. निगेटिव्हवर पेन्सिलीने बारीक रेघा मारून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवणे हे एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओचे रोजचे काम होते. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की प्रतीत तेवढा भाग उजळतो. सुरीने किंवा सुईने थर खरवडला की तो भाग काळा होतो. हे उलटे गणित लक्षात ठेवले की बऱ्याच खुणा वाचता येतात. सोव्हिएत छायाचित्रकार येव्गेनी खाल्देई यांनी २ मे १९४५ रोजी बर्लिनच्या राइशस्टागवर लाल झेंडा फडकताना घेतलेले छायाचित्र जगभर गेले. झेंडेवाल्याला आधार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळासारखे काहीतरी होते. लुटीचा संशय येऊ नये म्हणून छापण्यापूर्वी त्यातले एक खरवडून काढले गेले. नंतरच्या प्रतींत मागचा धूरही दाट केलेला दिसतो. इथेही पुरावा भिंगाने दिला नाही. एका प्रतीत दोन्ही मनगटे भरलेली, दुसरीत एक मोकळे. एकीत आकाश स्वच्छ, दुसरीत धुराचे लोट. दोन प्रती शेजारी ठेवल्या आणि काम झाले. माणसे खरी, छत खरे, झेंडाही खरा. पण तो क्षण मुद्दाम उभा केलेला होता आणि ज्या रूपात लोकांच्या मनावर ठसला, त्या रूपात कॅमेऱ्याने तो कधीच टिपला नव्हता. ‘अस्सल की बनावट’ या एका प्रश्नात अशी चित्रे मावत नाहीत. कोणता भाग कधी बदलला, हे वेगवेगळे लिहावे लागते.

रंगाचे प्रकरण मात्र स्वतंत्र आहे. हाताने रंगवलेली जुनी प्रत ओळखणे तुलनेने सोपे. भिंगाखाली रंग प्रतिमेच्या आत मुरलेला नसतो, रांगोळीसारखा वर पसरलेला असतो. तो कडेबाहेर गेलेला दिसतो, दागिन्यांवर सोनेरी रंगाचे जाड ठिपके सापडतात. भारतातल्या संस्थानिकांच्या चित्रांत तर रंगाऱ्याने पार्श्वभूमी, गालिचा, पोशाख सगळे रंगवून खालचे छायाचित्र जवळपास झाकून टाकलेले असते, आणि त्या काळी यात लपवण्यासारखे काही नव्हते. अशा प्रतीवर अतिनील प्रकाश टाकला की काही रंग वेगळे चमकतात आणि नंतर भरलेला तुकडा उठून दिसतो. खुद्द कागद निळसर पांढरा झळाळू लागला, तर त्यात उजळपणासाठी मिसळलेली रसायने आहेत. छायाचित्रांच्या कागदात ती १९५० च्या दशकात आली, म्हणजे प्रत त्याआधीची नाही. उलट, कागद चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही. अशी रसायने नसलेले कागद नंतरही निघत राहिले.

आज संगणकावर रंगवलेली जुनी चित्रे घरोघरी पोचतात आणि तिथे अडचण फार खोलवरची आहे. ओल्या कलोडियनच्या काचेला फक्त निळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश दिसत असे. लाल तिला जवळपास दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या छायाचित्रात कपाळावरचे कुंकू काळे येते, लाल लुगडे काळ्या चंद्रकळेसारखे दिसते आणि निळा फेटा पांढऱ्या फेट्याच्या जवळ जातो. १८७३ मध्ये हर्मान फोगेल यांनी प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा प्रकाशही दिसेल अशी युक्ती काढली. लालपर्यंत सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडले. आता अशा चित्रातल्या करड्या छटेवरून रंग ओळखायचा म्हटले, तर रंगवणारा लाल लुगड्याला काळे किंवा तपकिरी करणार आणि निळ्या फेट्याला पांढरा ठेवणार. हे त्याच्या कौशल्याचे अपयश नव्हे. ती माहिती काचेवर कधी उतरलीच नव्हती. १९०६ आधीच्या चित्रात काळे लुगडे आणि पांढरा फेटा अगदी खात्रीने रंगवलेले दिसले, तर तो रंग कुठून आला हे विचारलेच पाहिजे. लेखी वर्णन किंवा जपून ठेवलेले खरे वस्त्र असेल तर गोष्ट वेगळी.

घरी बसून तपासणारा वाचक बहुधा मूळ वस्तू बघत नाही, स्क्रीनवरची प्रत बघतो. तिच्या मर्यादा कडक आहेत. फाइल पुन्हा किती वेळा दाबून साठवली गेली हे दाखवणारी संगणकीय साधने इथे फारशी कामाची नाहीत. १९०२ ची कात्री आणि १८६४ चे ऊन, दोन्ही स्कॅनरखाली एकाच क्षणी एकाच फाइलमध्ये उतरतात. अशा साधनाला स्कॅननंतरची ढवळाढवळ कदाचित सापडेल, त्याआधीची सापडणार नाही. त्याऐवजी संग्रहाच्या संकेतस्थळावरून मोठ्यात मोठी फाइल उतरवावी, चित्राची मागची बाजू आणि चारही कडा स्कॅन केल्या आहेत का ते पाहावे, आणि त्याच छायाचित्रकाराच्या आसपासच्या क्रमांकाच्या निगेटिव्हा उघडाव्यात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतीत कडा कापलेल्या असतात, आणि स्वामित्वाची ओळ, क्रमांक, बोटाचा ठसा नेमके कडेलाच असतात.

मुंबईतही या अभ्यासाला उत्तम साहित्य आहे. विल्यम जॉन्सन हे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. ही सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. १८५६ ते १८५८ या काळात सोसायटीच्या आश्रयाने हौशी छायाचित्रकारांच्या कामाचा एक मासिक संच निघत असे. त्यात पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांची, त्यांच्या पोशाखांची छायाचित्रे येत. पुढे जॉन्सन यांनी मुंबईच्या रहिवाशांवर लंडनहून दोन खंडांचा ग्रंथ काढला. १८६३ चा पहिला खंड गुजरात, कच्छ, काठियावाड यांवर आणि १८६६ चा दुसरा महाराष्ट्रावर. या ग्रंथातली अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसे एका ठिकाणी टिपलेली, मागचे दृश्य दुसऱ्याच ठिकाणचे.

ग्रँटच्या चित्रावर चालवलेली रीत इथेही चालते. पावलांपाशी बघायचे. तिथे जमीन पायाला भिडते का, पायाची सावली कुठे जाते. चेहऱ्यावरचा प्रकाश छपराखालचा मऊ आणि मागच्या इमारतीवर दुपारचे कडक ऊन, असे आहे का. मागचा माणूस समोरच्यांच्या मानाने योग्य मापाचा आहे का. आणि शेवटी ग्रंथातले पान आणि आधीचा संच शेजारी ठेवून तीच माणसे, तीच बोटे, पदराची तीच घडी सापडते का ते पाहायचे. सापडली, तर त्या पानाला दोन तारखा मिळतात. माणसांचा गट १८५० च्या दशकातला, आणि मागची वास्तू कधीची ते वेगळे शोधायचे.

वेशभूषेच्या अभ्यासकाला अशा पानाचा पुढचा अर्धा भाग बिनधास्त वापरता येतो. लुगड्याचे नेसण, पगडीची बांधणी, नथीचा आकार कॅमेऱ्यासमोर खरोखर होते. शहराच्या अभ्यासकाला मागचा अर्धा भाग उपयोगी पडतो. पण ही माणसे त्या दारात उभी राहत असत, त्या देवळाशी किंवा त्या वस्तीशी त्यांचे नाते होते, असा निष्कर्ष त्या पानावरून काढता येत नाही. दोन अर्धे तिथे जोडणाऱ्याच्या टेबलावर एकत्र आले. संग्रहाच्या यादीत अशा पानाखाली ‘जोडचित्र’ एवढा एक शब्द पुरत नाही. कोणता भाग कोणत्या छायाचित्रातून आला आणि ते मूळ छायाचित्र संग्रहात कोणत्या क्रमांकावर आहे, हेही तिथे लिहावे लागते.